छापखाना नाशिकला आहे, म्हणून नोटा छापायच्या?

पगार लांबला की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सरकारला पैशाची काय कमी? नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे. छापा आणि वाटा!" मी विरोध केला की उत्तर मिळतं, "सर, महागाई नोटांनी होत नाही, साठेबाजांमुळे होते."

ही दोन्ही वाक्यं गरिबाच्या बाजूची वाटतात, म्हणूनच त्यांचा प्रतिवाद केला पाहिजे.

आधी साठेबाजांचं बघू. साठेबाजीने कांदा महाग होतो, तूरडाळ महाग होते. पण कांदा, घरभाडं, शिलाई, रिक्षाचं भाडं आणि मजुरी असं सगळंच दर पंधरवड्याला दुप्पट होऊ लागलं, तर वस्तू महाग होत नसतात, नोट स्वस्त होत असते. धुळ्याच्या बाजारातले सगळे व्यापारी एक झाले, तरी त्यांना ते जमणार नाही. ते फक्त सरकारला जमतं.

जर्मनीत ते झालं. पहिलं महायुद्ध सरकारने बरंचसं कर्जावर लढलं होतं. हरल्यावर नुकसानभरपाई डोक्यावर आली. जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजांनी कोळशाचा रुऱ्ह प्रदेश ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी काम थांबवलं आणि त्यांचा खर्च सरकारने उचलला. म्हणजे माल घटला, कर घटला आणि खर्च मात्र वाढला. मधली पोकळी राइशबँकेने नोटा छापून भरली.

इथून चक्र सुरू होतं. कर आज ठरतो आणि काही आठवड्यांनी जमा होतो. तोवर भाव दुप्पट झाले, तर सरकारच्या हाती निम्मीच किंमत पडते. म्हणून आणखी नोटा छापाव्या लागतात. लोकही शहाणे होतात. हातातली नोट उद्या कमी किमतीची होणार हे कळल्यावर ती कुणी ठेवत नाही, मिळेल ते विकत घेतो. मग भाव छपाईच्याही पुढे धावतात. कामगारांना रोज पगार मिळू लागला आणि तो घेऊन ते थेट दुकानाकडे पळत. 1914 मध्ये एक डॉलर 4.2 मार्कांना मिळत होता. नोव्हेंबर 1923 मध्ये त्याला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते.

आता आपला हिशोब करू. समजा, जळगावच्या एका शिलाई करणाऱ्या बाईने भिशी उचलून एक लाख रुपये मुदत ठेवीत टाकले आणि भाव दर दोन आठवड्यांनी दुप्पट होऊ लागले. दोन आठवड्यांनी त्या लाखात पन्नास हजारांचा माल येईल, चार आठवड्यांनी पंचवीस हजारांचा, आठ आठवड्यांनी सव्वासहा हजारांचा. बारा आठवड्यांनी फक्त सुमारे 1,560 रुपयांचा. पासबुकावर मात्र लाखच दिसतील, वर वर्षाचं सात टक्के व्याजही. चोरी झाली, पण कुलूप तुटलं नाही.

याची संथ आवृत्ती आमच्या घरातच आहे. अम्मीचा निकाह 1974 साली झाला. निकाहनाम्यात मेहर लिहिला होता पाचशे एक रुपये, उधार. तेव्हा त्यात साधारण दहा ग्रॅम सोनं येत असे. आज त्यात सोन्याचा दाणाही येत नाही. त्या वर्षी महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर होती, तरी ती अतिमहागाई नव्हती. अतिमहागाई म्हणजे महिन्याला पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त. अम्मीच्या मेहरला विरघळायला पन्नास वर्षं लागली. जर्मनीतल्या विधवांच्या ठेवी काही महिन्यांत गेल्या.

मग फायदा कुणाचा? ज्याने कर्ज घेऊन कारखाना, जमीन, इमारत घेतली त्याचा, कारण त्याचं कर्ज एका अंड्याच्या किमतीत फिटतं. आणि सर्वांत मोठ्या कर्जदाराचा, म्हणजे सरकारचा. लोकांनी देशासाठी घेतलेले युद्धरोखे रद्दी झाले. नोव्हेंबर 1923 मध्ये नवं चलन आलं तेव्हा एका नव्या मार्कासाठी एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागले. पुढे 1925 च्या कायद्याने काही ठेवींचा थोडाच भाग परत मिळाला.

"आपल्याकडे सोनं आहे ना," असं जळगावात कुणीही म्हणेल. सोनं टिकतं, खरं आहे. पण नोट टाकून सोन्याकडे आधी कोण पोहोचतं? ज्याच्याकडे महिन्याच्या किराण्यानंतरही नोटा उरतात तो. रोजंदारीवाल्याच्या हाती पैसा येतो तोवर भाव वाढलेले असतात.

छापलेली प्रत्येक नोट आग लावते असं मी म्हणत नाही. कारखाने बंद आणि माणसं रिकामी असताना थोडा जास्त पैसा पचतोही. आग लागते ती खर्चाची पोकळी छपाईने भरण्याची सवय लागली आणि माल घटत राहिला की. म्हणूनच गरज पडेल तेव्हा रिझर्व्ह बँकेकडून आपोआप उचल घेण्याची केंद्र सरकारची वाट 1997 मध्ये बंद केली गेली.

पगार वेळेवर मागा. शाळेसाठी, दवाखान्यासाठी पैसा मागा आणि तो कुणाकडून कर घेऊन आणायचा हेही ठणकावून सांगा. पण "छापा आणि वाटा" म्हणू नका. तोही करच आहे. तो विधानसभेत मांडला जात नाही आणि सर्वांत आधी त्या शिलाईवालीच्या पासबुकातून वसूल होतो.