पुन्हा एकदा 'जय जिनेंद्र'?

नवीन पनवेलमधील आमच्या सोसायटीत इमारतींना वळसा घालणारी एक पायवाट आहे. तिची एक फेरी मला चार मिनिटे लागते. सूर्योदयानंतर मी तिथे अर्धा तास चालतो. आमच्याच मजल्यावरचे अण्णा त्याच वेळी, पण उलट दिशेने चालतात. दोघांचा वेग सारखा असल्याने दर दोन मिनिटांनी आम्ही समोरासमोर येतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब सुटत नाही : अर्ध्या तासात पंधरा भेटी.

पहिल्या भेटीला दोघेही हात जोडून 'जय जिनेंद्र' म्हणतो. दुसऱ्या भेटीला स्मित. तिसऱ्या भेटीला 'आज फारच दमट आहे, नाही?' पाचव्या भेटीपर्यंत हे सारे केवळ भुवया उंचावण्यावर येते आणि आठव्यापासून दोघांच्याही नजरा जमिनीवर खिळतात. पाहणाऱ्याला वाटावे, किती काटेकोर ईर्यासमिती! प्रत्यक्षात जीवरक्षेपेक्षा एकमेकांचे डोळे चुकवणे हाच त्यातला हेतू असतो, हे मी येथे कबूल करतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिलेशन्स इन पब्लिक' या ग्रंथात अशा भेटींचा बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या मते अभिवादन म्हणजे दोन व्यक्ती एकमेकींना पुन्हा उपलब्ध झाल्याची खूण. म्हणून ते किती मोठे असावे, हे मधल्या दुराव्यावर ठरते. वर्षाने भेटलेल्याला आपण मिठी मारतो, काल भेटलेल्याला नमस्कार करतो, दोन मिनिटांपूर्वी भेटलेल्याकडे पाहून नुसती मान हलवतो. उत्तरोत्तर लहान होत जाणारे अभिवादन हा निष्काळजीपणा नव्हे. 'आपली भेट अजून चालूच आहे' असे सांगण्याची ती रीत आहे. दुसऱ्यांदा पूर्ण 'नमस्कार' घातला तर उलट समोरचा गोंधळतो : सकाळी हे मला भेटले, ते विसरले की काय?

मराठी माणसाने यासाठी एक सुरेख सोय करून ठेवली आहे. पहिले अभिवादन माणसाला, दुसरे त्याच्या हातातल्या कामाला. 'काय, भाजी आणलीत वाटतं?', 'निघालात का?', 'झाली का पूजा?' उत्तर डोळ्यांसमोर दिसत असते, तरी प्रश्न विचारला जातो आणि 'हो, आत्ताच' एवढे उत्तर पुरते. अभिवादनाची पुनरुक्ती न करता दखल घेतल्याचे समाधान दोघांनाही मिळते.

लहान अभिवादनाला कमी लेखू नये, याचा आधार आपल्या परंपरेतही सापडतो. 'गुरुवंदन भाष्या'त वंदनाचे तीन प्रकार सांगितले आहेत : फिट्टावंदन, थोभवंदन आणि द्वादशावर्तवंदन. वाटेत साधू-साध्वी भेटले की हात जोडून, मस्तक नमवून 'मत्थएण वंदामि' म्हणणे हे पहिले. पंचांग नमवून खमासमणा देणे हे दुसरे. बारा आवर्तांचे सविस्तर वंदन हे तिसरे. विहारात महाराजसाहेबांबरोबर चालणारा श्रावक दर वळणावर द्वादशावर्तवंदन करू लागला तर विहारच व्हायचा नाही. फिट्टावंदन म्हणजे अर्धवट उरकलेले मोठे वंदन नव्हे. त्या प्रसंगाला तेच पूर्ण आहे.

वरिष्ठ-कनिष्ठांत मात्र हे गणित वाकडे होते. एका शाखेत आमचा शिपाई माझ्या टेबलावरून जाताना प्रत्येक वेळी थबकून 'नमस्कार साहेब' म्हणे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा सहज. अवघडून मी एकदा म्हणालो, 'अहो, सकाळी एकदा केलात की पुरे.' त्या दिवसापासून तो माझ्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागला. त्याला वाटले, साहेब रागावले. गप्प राहण्याची मोकळीक मला होती, त्याला नव्हती, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मी बोलण्याऐवजी प्रत्येक वेळी मान वर करून त्याच्याकडे पाहिले असते, तर त्याचे नमस्कार आपोआप लहान होत गेले असते.

आता अण्णांकडे येतो, कारण माझी खरी चूक तिथे झाली. गेल्या चातुर्मासात एका सकाळी आमच्या नेहमीच्या पंधरा भेटी झाल्या. अकराच्या सुमारास अण्णा रिक्षाने कुठेसे गेले. संध्याकाळी पाच वाजता ते लिफ्टपाशी उभे होते. माझ्या एका हातात वाणसामानाची पिशवी, दुसऱ्या हातात कानाला लावलेला मोबाइल. सकाळच्या हिशेबाने मी मान किंचित हलवली आणि जिन्याने वर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी अण्णा पायवाटेवर आले ते माझ्याच दिशेने चालत. एकच दिशा आणि एकच वेग म्हटल्यावर भेट होणार कशी? आठ दिवस मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. शेवटी काकूंकडून समजले, की त्या दिवशी थोरल्या बहिणीला अतिदक्षता विभागात दाखल करून अण्णा एकटेच परतले होते.

माझ्या लेखी ती सोळावी भेट होती. त्यांच्या लेखी ती पहिली होती.

उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात साधूंची दहा प्रकारची सामाचारी आहे. स्थानाबाहेर पडताना 'आवस्सही' आणि परत आत येताना 'निस्सीही' म्हणायचे, हे तिचे पहिले दोन प्रकार. सकाळी एकदा म्हटले म्हणून दुपारी सूट मिळत नाही. आपण श्रावकही मंदिराच्या दाराशी 'निस्सीही' म्हणतो, गाभाऱ्यात जाताना पुन्हा म्हणतो आणि चैत्यवंदनापूर्वी आणखी एकदा. पहिल्याने संसाराची कामे मागे राहतात, दुसऱ्याने मंदिराच्या व्यवस्थेची, तिसऱ्याने द्रव्यपूजेची. शब्द तोच, पण प्रत्येक वेळी ओलांडलेला उंबरठा निराळा. मी भेटी मोजत बसलो. मोजायला हवे होते ते उंबरठे. फाटकाबाहेर जाऊन आलेला, दवाखान्यातून किंवा कचेरीतून परतलेला माणूस सकाळचा राहिलेला नसतो. त्याला चेहऱ्याकडे पाहून, क्षणभर थांबून नवे अभिवादन द्यावे लागते. तो लांब जाऊन आला की जवळ, हे ठाऊक नसेल तर मोठे अभिवादन द्यावे. जास्त झालेला एक नमस्कार कोणी मनाला लावून घेत नाही. अपवाद एकच. कोणी सामायिकात किंवा मौनात असेल, जपमाळ फिरवत चालत असेल, तर त्याला हाक घालू नये आणि त्याच्या न बोलण्याचा हिशेबही ठेवू नये.

संवत्सरीला मी अण्णांच्या घरी गेलो आणि 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणालो. नुसते म्हणून निघायचे नाही असे ठरवले होते, म्हणून लिफ्टपाशी काय घडले तेही सांगितले. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'तुमची काही चूक नाही हो. तुम्ही सकाळी पंधरा वेळा हसलात माझ्याकडे बघून. पण ती सकाळ केव्हाच संपली होती.' मग काकूंना पाणी आणायला सांगून त्यांनी बहिणीच्या प्रकृतीची हकीकत सुरुवातीपासून सांगितली. त्या आता घरी आल्या आहेत, हिंडूफिरू लागल्या आहेत.

अण्णा पुन्हा उलट दिशेने चालतात. परवा सहाव्या भेटीनंतर त्यांना घरून बोलावणे आले आणि ते वर गेले. दहा मिनिटांनी खाली उतरले तेव्हा मी वळणावर होतो. त्यांनी हात जोडले, मीही जोडले. तिथून पुढे पुन्हा स्मित, मग दमट हवा, मग भुवया.