शेपटी हलते म्हणून कुत्रा खूश असतोच असे नाही

‘घाबरू नका, शेपटी हलवतोय, काही करणार नाही.’ सोसायटीच्या लिफ्टपासून बागेपर्यंत हे वाक्य रोज ऐकू येते. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण ‘एरवी गरीब असलेला कुत्रा अचानक चावला’ असे म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा आधी याच वाक्यावर विसंबलेले असते. शेपटी हलते याचा अर्थ कुत्रा उत्तेजित झाला आहे, एवढाच. ती उत्तेजना आनंदाची आहे, भीतीची की रागाची, हे बाकीचे शरीर सांगते.

खूश कुत्र्याचे सगळे अंग सैल असते. शेपटी पाठीच्या रेषेत किंवा थोडी खाली असते, ऐसपैस हलते आणि तिच्याबरोबर कंबरही डुलते. तोंड किंचित उघडे असते, नजर मऊ असते. तणावातली शेपटी वेगळी असते. ती झेंड्यासारखी ताठ वर उभी राहते आणि फक्त टोकाशी भरभर थरथरते, किंवा पोटाखाली ओढून घेतलेली असतानाही टोक हलत राहते. अंग मात्र खिळल्यासारखे स्थिर, तोंड घट्ट मिटलेले. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये चित्रीकरण करून दाखवले, की मालक दिसताच कुत्र्यांची शेपटी त्यांच्या उजव्या बाजूला जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. हा फरक नुसत्या डोळ्यांना सहज टिपता येत नाही. अंगाचा ताठरपणा मात्र कोणालाही दिसतो.

चाव्याआधी कुत्रा सहसा बरेच काही सांगून झालेला असतो. ब्रिटिश पशुवैद्यक केंडल शेफर्ड यांनी या इशाऱ्यांची एक शिडीच मांडली आहे. नेहमीचा प्रसंग घ्या. घरातला कुत्रा कोपऱ्यात पडला आहे, पाच वर्षांचे मूल त्याच्या गळ्यात हात टाकते आणि घरचे फोटो काढू लागतात. कुत्रा आधी जांभई देतो, नाकावरून जीभ फिरवतो. मग मान दुसरीकडे वळवतो. त्या वेळी डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर दिसते. पुढे तो उठून जायला बघतो, पण मिठी सुटत नाही. कान मागे जातात, अंग आक्रसते आणि मग तो क्षणभर थिजतो. हा थिजलेला क्षण सर्वांत धोक्याचा, कारण पुढच्या पायऱ्या गुरगुरणे, हवेत दात मारणे आणि चावा या आहेत. फोटोत मात्र हा सगळा प्रकार ‘किती शांत बसलाय बघा’ असा दिसतो.

इथेच घरोघरी एक मोठी चूक होते. कुत्रा गुरगुरला की त्याला फटका बसतो. त्याने भीती जात नाही, फक्त आवाज बंद होतो. गुरगुरल्यावर मार मिळतो हे शिकलेला कुत्रा पुढच्या वेळी ती पायरी गाळून थेट चावू शकतो. म्हणून गुरगुरल्यावर कुत्र्याला न दटावता मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे आणि कुत्र्याला नेमके काय नको होते, ते शोधावे.

या खुणांना मर्यादाही आहेत. झोपेतून उठलेला कुत्रा जांभई देतोच आणि उन्हाळ्यात धापही टाकतो, त्यामुळे एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन खुणा एकत्र आणि प्रसंगाला धरून दिसल्या, तर तो ताण समजावा. पॉमेरेनियनची शेपटी मुळातच पाठीवर वळलेली असते, कारवानी कुत्र्याची खाली असते. त्यामुळे त्या कुत्र्याची नेहमीची ठेवण माहीत हवी. कान किंवा सांधे दुखणारा कुत्रा सगळ्या पायऱ्या एका क्षणात ओलांडू शकतो. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर ही शिडी गृहीत धरूच नये.

घरात पाळण्याजोगा नियम सोपा आहे. तीन सेकंद कुरवाळावे आणि हात काढून घ्यावा. कुत्रा पुढे सरकून अंग घासू लागला, तर त्याला आणखी हवे आहे. तोंड वळवले किंवा अंग झटकून निघून गेला, तर त्याचे उत्तर मिळाले. मिठी मारू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नये. मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो आणि चेहऱ्यावरील चाव्यात रेबीजचा धोका अधिक असतो. एवढे करूनही चावा किंवा ओरखडा झालाच, तर हळद-तिखट न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कुत्रा घरचा असला तरीही.