वरील कोष्टकावरून काहीही दिसून येत नाही

एम.एड.च्या प्रबंधातलं चौथं प्रकरण म्हणजे 'माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन'. विश्लेषण म्हणजे शेकडेवारी आणि अर्थनिर्वचन म्हणजे तीच शेकडेवारी अक्षरात, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्यानंतर जी उडी मारली जाते, तिला तोड नाही.

नमुन्यादाखल आकडे सोपे करून घेतो. नेरूळची एक शाळा, आठवीचा वर्ग. वाचनाच्या आवडीची प्रश्नावली 60 जणांना घरी दिली, 45 परत आल्या. 20 मुलींपैकी 15 'आवड आहे' म्हणाल्या, 25 मुलांपैकीही 15. म्हणजे 75 टक्के आणि 60 टक्के. खाली निष्कर्ष: 'नवी मुंबईतील मुलींना मुलांपेक्षा वाचनाची आवड अधिक आहे.' नेरूळच्या एका वर्गातून ऐरोली, तुर्भे, बेलापूर सगळं पादाक्रांत!

पंधरा टक्क्यांचा फरक दिसतो खरा. पण एवढ्या लहान गटांत त्याचा 95 टक्के विश्वास्यता अंतराल काढला, तर तो साधारण उणे 12 ते अधिक 42 येतो. मुली बऱ्याच पुढे असतील किंवा थोड्या मागेही असतील, दोन्ही या माहितीत बसतं. तेही नमुना यादृच्छिक धरला तर. इथे शाळा निवडली ती ओळखीचे मुख्याध्यापक होते म्हणून.

स्तंभालेखाची तर कमालच. उभा अक्ष शून्याऐवजी 50 पासून सुरू केला की मुलींचा खांब मुलांच्या अडीचपट होतो. एक्सेलने केलं, म्हणे. एक्सेलला अक्ष शून्यावर आणायला सांगता येतं, सांगायचं कुणी?

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र आलेखात नसतेच. न परतलेल्या 15 प्रश्नावल्या कुणाच्या? ज्याला वाचायचा कंटाळा, तो वाचनाची प्रश्नावली भरून आणेल कशाला? आलेल्यांत 'हो' म्हणणारे 45 पैकी 30, म्हणजे 67 टक्के. गैरहजर सगळे 'नाही'वाले निघाले, तर 60 पैकी 30, म्हणजे 50 टक्के. सगळे 'हो'वाले निघाले, तर 75. हा पट्टा कोष्टकाखाली एका ओळीत मावतो. तरी बहुतेक प्रबंधांत 'एकूण प्रतिसादक 45' एवढंच लिहून 60 हा आकडा गडप केलेला असतो.

वर आधाराला 'असर' अहवाल जोडतात. 'प्रथम'चं हे सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतं आणि मुलांना वाचता येतं का ते तपासतं. त्याचा ना नेरूळशी संबंध, ना आवडीशी.

या कोष्टकाखाली एवढंच लिहिता येतं: 'या वर्गात प्रश्नावली परत करणाऱ्यांपैकी मुलींत होकाराचं प्रमाण अधिक आढळलं; गट लहान असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो आणि 15 प्रतिसाद न आल्याने पूर्ण वर्गाचं चित्र वेगळंही असू शकतं.' यावर मार्गदर्शकांचा हमखास प्रश्न: 'मग पाचव्या प्रकरणात शिफारशी कशाच्या जोरावर करायच्या?' करू नका. या माहितीवर महापालिकेच्या शिक्षण विभागाला वाचनालय-धोरण सुचवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?