खर्रा, पांढरा चट्टा आणि आपल्या बैठका

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या बांधावर, विडी कारखान्याच्या फाटकाशी आणि पक्षाच्या बैठकीतही एक वस्तू हातोहात फिरते, ती म्हणजे खर्रा. भरडलेली सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासायचा आणि गालात धरायचा. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. परंतु बंदीने पुडी आडोशाला गेली. टपरीवर हाताने घोटलेला खर्रा राहिलाच.

या मिश्रणातील प्रत्येक घटक आपले काम चोख बजावतो. चुन्यामुळे तोंडातील निकोटिन रक्तात झपाट्याने शिरते आणि सवय पक्की होते. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही द्रव्ये कर्करोगकारक आहेत. सुपारी निरुपद्रवी मानली जाते, पण तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे. शिवाय तिच्यामुळे गालाच्या आतील अस्तर ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. म्हणून तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणारा मनुष्य निम्म्याच वाटेवर थांबलेला असतो.

लाखांदूर तालुक्यातील एखादा शेतमजूर डोळ्यांपुढे आणावा. तो वर्षानुवर्षे डाव्या गालात खर्रा धरतो. दिवसाला चार खर्रे आणि एकाचे २० रुपये धरले, तर महिन्याला २४०० रुपये होतात. एके दिवशी नेमक्या त्याच जागी पांढरा चट्टा उमटतो. तो पुसला जात नाही आणि दुखतही नाही. दुखत नाही म्हणून मजूर स्वस्थ बसतो, आणि खरा घात तेथेच होतो. असा प्रत्येक चट्टा कर्करोग होतो असे नव्हे. पण कोणता होईल हे नजरेने सांगता येत नाही. लाल, मखमली दिसणारा चट्टा त्याहून अधिक धोक्याचा. तिखट खाताच आग होणे आणि आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये न मावणे, ही अस्तर ताठर होत असल्याची खूण होय.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. महिन्यातून एकदा चूळ भरून उजेडात आरशासमोर उभे राहावे. ओठ उलटून पाहावेत, दोन्ही गाल बोटाने ओढून आतली बाजू व हिरड्यांलगतची खाच पाहावी, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा आणि ती उचलून खालचा भाग पाहावा, मग टाळू. शेवटी जबड्याखाली व मानेवर गाठ लागते का ते चाचपावे. चट्टा, गाठ किंवा व्रण दोन आठवड्यांत गेला नाही, तर दंतवैद्यास किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे. संशय आल्यास लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. आरशात मात्र सगळेच दिसत नाही. म्हणून काही न आढळले तरी खर्रा खाणाऱ्याने अधूनमधून जाणत्याकडून तोंड तपासून घ्यावे.

हा जाणता डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे पाहिली. तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० वर्षांवरील सर्वांची अशी तपासणी गावपातळीवर करण्याची तरतूद आज शासकीय कार्यक्रमात आहे. ती आपल्या गावात प्रत्यक्ष होते का, हे ग्रामसभेत विचारणे कार्यकर्त्याचे काम आहे.

आता सोडण्याविषयी. येत्या दोन आठवड्यांतील एक तारीख ठरवून घरच्यांना सांगावी. तोवर कोणता खर्रा केव्हा लागतो ते टिपावे; चहानंतर, कामाच्या सुट्टीत की चारचौघांत. ठरल्या दिवशी घरातील पन्न्या, चुन्याची डबी, मशेरी, सारे काढून टाकावे. तलफ काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, बडीशेप चघळावी, जागा सोडावी. पहिले तीन-चार दिवस चिडचिड व निद्रानाश सर्वाधिक असतो. काही आठवड्यांत तो निवळतो. सकाळी उठताच खर्रा लागणाऱ्याचे व्यसन खोल असते. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचा गम घ्यावा. थोडा चघळून तो गालात ठेवायचा असतो, खर्ऱ्यासारखा सतत चावायचा नसतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. एखादे दिवशी पाय घसरला तर सारे संपले असे न मानता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. सोडल्यावर पांढरा चट्टा पुष्कळदा ओसरतो. ताठर झालेले अस्तर मात्र बहुधा पूर्ववत होत नाही. तपासणी दोन्हींत चालूच ठेवावी लागते.

मजुरीवाढीसाठी लढायचे आणि मजुराच्या पुढ्यात सलगीची खूण म्हणून खर्रा धरायचा, या दोन गोष्टी एका हाताने करता येत नाहीत. तालुक्याच्या पुढच्या बैठकीत पन्नी फिरणार नाही, एवढा ठराव करण्यास वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.