रात्रपाळीचे पोट

कसबा पेठेतल्या तांबट आळीत सकाळी नऊच्या सुमारास हातोड्यांचा आवाज सुरू होतो. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचा तो दिवस सुरू झाल्याचा आवाज. आळीला लागून असलेल्या एका वाड्यात मात्र त्याच वेळी एकाची रात्र सुरू झालेली असते. वय चौतीस, चाकणच्या एका कारखान्यात रात्री दहा ते सकाळी सहाची पाळी. (सरकारी दवाखान्यात असे अनेक जण येतात. त्यांच्या हकिकतींतून जुळवलेला हा एक. तो कोण, हे कुणी शोधायला जाऊ नये.)

तक्रार नेहमीचीच होती. छातीत जळजळ, जेवल्यावर पोट फुगणे, दोन-दोन दिवस शौचाला साफ न होणे आणि झोप झाली तरी न जाणारा थकवा. आठ महिन्यांपासून औषधाच्या दुकानातून आणलेली पॅन्टोप्राझोलची गोळी रोज चालू. एंडोस्कोपी झाली होती, त्यात जठराला किंचित सूज, बाकी काही नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड ठीक. उपाशीपोटीची साखर मात्र ११२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घरात वडिलांना मधुमेह, त्यामुळे सगळे धास्तावलेले.

डॉक्टरांनी नवी तपासणी लिहून दिली नाही. दोनशे पानी वहीत चौदा दिवस दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या : तोंडात काय आणि किती वाजता गेले, आणि डोळा किती ते किती लागला.

वही उघडल्यावर बरेचसे निदान तिथेच झाले. संध्याकाळी आठला घाईत दोन पोळ्या आणि चहा. रात्री दीडला कँटीनचे भरपेट ताट : भात, आमटी, बटाट्याची भाजी, तळलेले काहीतरी. साडेचारला झोप उडवायला चहा-बिस्किटे. साडेसातला घरी पोहे आणि पुन्हा चहा. साडेआठला अंथरूण. नऊला हातोडे. एक वाजता ‘जेवून घे नि मग झोप’ म्हणून आई उठवायची, की मग डोळा लागायचा नाही. पाचला चहा आणि फरसाण. दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत, म्हणजे चोवीसपैकी साडेअठरा तास खाणे चालू. झोप सलग चार तासही नाही.

आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ असते. ते उजेडावर चालते. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही स्वतःची घड्याळे असतात आणि त्यांची वेळ बऱ्याच अंशी जेवणावरून लागते. ही घड्याळे पेशीत कशी चालतात हे दाखवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. रात्री दीडला ताट पुढे आले की यकृताला वाटते दिवस उजाडला. सकाळी घरी येताना डोळ्यांवर ऊन पडले की मेंदूलाही वाटते दिवस उजाडला. दोघांचे दिवस वेगवेगळे.

पोटाचे हाल यातूनच होतात. जठरातले आम्ल साधारण रात्री दहा ते दोन या वेळात सर्वांत जास्त स्रवते. अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग रात्री मंदावतो. मोठे आतडे तर रात्री जवळजवळ झोपलेलेच असते. ते जागे होते माणूस उठल्यावर आणि पहिल्या जेवणानंतर. म्हणजे आम्ल भरपूर, पुढची वाट संथ, आणि त्यावर भरलेले ताट. शेवटी पोहे-चहा घेऊन तासाभरात आडवे होणे, म्हणजे आम्लाला अन्ननलिकेत यायला मोकळी वाट.

गोळीचीही गंमत होती. दुकानदाराने सांगितले होते, ‘सकाळी रिकाम्या पोटी.’ तो ती सकाळी साडेसातला, पोह्यांबरोबरच घ्यायचा आणि झोपायचा. हे औषध आम्ल तयार करणाऱ्या पेशींतले चालू पंप बंद करते आणि पंप चालू होतात ते जेवणाने. रक्तात औषध थोडे तासच टिकते. म्हणून ते मोठ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते. याचे मोठे जेवण रात्री दीडला, गोळी त्यानंतर सहा तासांनी. आठ महिने औषध नियमित, वेळ चुकीची.

साखरेचेही तसेच. रक्त दिले होते पाळी संपवून सकाळी आठला. त्याच्या मते तो उपाशी होता, वहीच्या मते साडेचारला गोड बिस्किटे खाल्लेली. सुटीच्या दिवशी खरोखर उपाशी राहून पुन्हा तपासली, ९६ आली. पण म्हणून काळजी सोडावी असेही नाही. २०२१ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आलेल्या एका प्रयोगात १९ निरोगी तरुणांकडून रात्रपाळीसारखे जागरण करवून घेतले. रात्रीही जेवणाऱ्यांची साखर वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. जागरण दोघांचेही सारखेच. प्रयोग लहान, प्रयोगशाळेतला. तरी दिशा कळते.

मग बदल काय केले? मुख्य जेवण संध्याकाळी साडेसातला, घरचे, नीट बसून. गोळी त्याआधी अर्धा तास. मध्यरात्रीच्या आत डब्यातले थोडे, दही-भात किंवा पोळी-भाजी. नंतर पाळी संपेपर्यंत पाणी, फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे. शेवटचा चहा दीडला, कारण त्यातले कॅफीन निम्मे व्हायलाच पाचेक तास लागतात. सकाळी फक्त कपभर दूध आणि अर्धी भाकरी, घरी येताना गडद चष्मा. झोपायची खोली बदलली : आळीकडची सोडून मागची, खिडकीला जाड चादर, कानात बोळे. आईशी बोलणे झाले. जेवण आता झाकून ठेवते, उठवत नाही. (इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र रात्रीचे खाणे स्वतःच्या मनाने बंद करू नये, साखर धोकादायक उतरू शकते. आणि वजन घटणे, गिळताना अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी यांतले काही असेल तर वही न लिहिता आधी तपासणी.)

सहा आठवड्यांत जळजळ बहुतेक गेली, पोट साफ होऊ लागले. गोळी हळूहळू कमी करून थांबवली. एकदम थांबवली असती तर आम्ल उसळून आले असते आणि ‘गोळीशिवाय चालतच नाही’ असा समज पक्का झाला असता. झोप सहा तासांवर गेली. थकवा मात्र निम्माच उतरला.

कारण उरलेला थकवा वेळापत्रकाचा आहे. त्याच्या कंपनीत पाळी दर आठवड्याला उलटी फिरते : रात्र, मग दुपार, मग सकाळ. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते, आणि मागे सरकण्यापेक्षा पुढे सरकणे त्याला सोपे जाते. आठवड्यात ते जुळायला लागते तोवर पाळी बदलते, तीही अवघड दिशेने.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर महिलांनाही रात्रपाळी खुली झाली. राज्यात दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभाही स्पष्ट झाली आहे. म्हणजे अशा वह्या वाढणार. संहितेत वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे, पण ती चाळिशी ओलांडलेल्यांना. चौतीस वर्षांचा हा माणूस त्यात बसत नाही. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे कँटीनची तरतूद आहे. रात्री दीडला तिथे दुपारचेच ताट वाढायचे का, हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला दिसत नाही; आणि तो खर्चाचा प्रश्नही नाही, तळणाऐवजी ताक ठेवायला जास्त पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांनी त्याला एक चिठ्ठी दिली. सकाळ, दुपार, रात्र अशा सुलट्या क्रमाने पाळी फिरवता आली तर बरे, एवढाच मजकूर. ती सध्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे.