फराळ उशिरा पोचला, आता गिऱ्हाइकांना काय लिहावे?



दिवाळीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांतील अनेक भगिनी गट करून फराळाच्या ऑर्डरी घेतात. चार पैसे मिळतात, पण एखाद्या वर्षी माल वेळेवर निघत नाही आणि मग गिऱ्हाइकाला तोंड कसे दाखवावे असे होते. अशा वेळी बहुतेकजण गप्प बसतात, किंवा फोनवरून "काही अपरिहार्य कारणामुळे उशीर झाला" एवढा निरोप धाडतात. आमच्या मते हा निरोप न धाडलेला बरा. त्यात कारणही नसते आणि पैशाचा शब्दही नसतो.

उदाहरणच घेऊ. एका गटाने साठ घरांच्या ऑर्डरी घेतल्या. प्रत्येकी दोन किलो फराळ, किंमत 800 रुपये, त्यातले 400 आगाऊ. माल धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत देण्याचा शब्द दिला. दोन शेगड्यांवर दिवसाला 14 किलो माल निघतो आणि हाताशी सहा दिवस होते. म्हणजे 84 किलो, बेचाळीस घरांचा. उरलेल्या अठरा घरांना पाडवा उजाडला. दोष तेलवाल्याचा नाही, टेंपोवाल्याचाही नाही. ऑर्डरी झेपतील त्याहून जास्त घेतल्या. पत्रात हेच लिहावे. गिऱ्हाईक बाईने स्वतः चकल्या तळलेल्या असतात, तिला हा हिशेब लगेच पटतो.

आता भरपाई. अठरापैकी सात घरांनी माल नाकारला, कारण त्यांनी बाजारातून आणून वेळ भागवली होती. त्यांचे 400 रुपये त्याच दिवशी पूर्ण परत करावेत. "पुढच्या दिवाळीत वळते करू" म्हणू नये. त्यांचा पैसा वर्षभर आपल्याकडे अडकवून ठेवणे ही भरपाई नव्हे. अकरा घरांनी उशिराचा माल घेतला. त्यांना किती सोडावे? सामान, गॅस आणि बायांची मजुरी वजा जाता गटाला किलोमागे 80 रुपये सुटतात असे धरू. मग एका ऑर्डरीवरचा नफा 160 रुपये. तेवढा पूर्ण सोडावा आणि बाकीचे 400 न घेता 240 घ्यावेत. अकरा घरांचे मिळून 1760 रुपये जातात. वेळेवर गेलेल्या बेचाळीस ऑर्डरींवर 6720 सुटलेले आहेत, तेव्हा हा भार पेलतो. मात्र मजुरीला हात लावू नये. रात्री जागून ज्यांनी तळण केले त्यांच्या पोटावर पाय कशाला?

कायद्याचेही थोडे सांगतो. 1872 च्या करार कायद्याचे कलम 55 असे की, ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती चुकली तर गिऱ्हाईक करार मोडू शकते. पण उशिराचा माल त्याने घेतला, आणि घेतानाच "नुकसानभरपाई मागणार" असे कळवले नाही, तर उशिराबद्दल मागून मागता येत नाही. म्हणून काही दुकानदार माल हातात ठेवून मोकळे होतात. गटाने तसे करू नये. ही गिऱ्हाइके शेजारच्या गल्लीतलीच असतात.

पत्र असे लिहावे:

"सौ. ताई, सप्रेम नमस्कार.

धनत्रयोदशीपर्यंत फराळ देण्याचा शब्द आम्ही दिला होता. तो आम्ही पाळला नाही. सणाला तुमच्या घरी पाहुणे आले आणि आमचा डबा आला नव्हता, याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. आमच्या दोन शेगड्यांवर सहा दिवसांत बेचाळीस घरांचा माल होतो आणि आम्ही साठ घरांच्या ऑर्डरी घेतल्या. चूक आमची आहे.

डबा घ्यायचा असल्यास 400 ऐवजी 240 रुपयेच द्यावेत. नको असल्यास तुमचे 400 रुपये डबा आणणारी भगिनी लगेच परत करील, कारण विचारणार नाही. पुढील वर्षी चाळीस ऑर्डरी झाल्या की आम्ही वही बंद करू.

आपल्या, (गटाच्या अध्यक्षा व सचिव यांच्या सह्या, फोन नंबर)"

पत्रात "गैरसोय झाली असल्यास" असे लिहू नये. गैरसोय झालेलीच आहे. उशीर होणार हे धनत्रयोदशीच्या आधीच दिसत असेल, तर फोन त्याच दिवशी करावा, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरी सोय करता येते. पत्र नंतर डब्याबरोबर हातात द्यावे. नेणाऱ्या बाईजवळ परतीचे पैसे सुटे असावेत. "उद्या आणून देते" म्हटले की पत्राची किंमत तिथेच गेली. पैसे परत दिल्यावर वहीत सही घ्यावी.

राहिला परत आलेला 14 किलो माल. चिवडा नि शेव हवाबंद डब्यात टिकतात, ती तळल्याची तारीख सांगून कमी भावात द्यावीत. मऊ पडलेली चकली मात्र पुन्हा तळून ताजी म्हणून विकू नये, ती गटातच वाटून घ्यावी.