साखळी ओढा, पण हिशेब द्या

अनंत चतुर्दशीची रात्र. गिरगाव चौपाटीजवळ पडून डोक्याला मार लागलेल्या आजोबांना जवळच्या रुग्णालयात आणले आहे, असे समजा. ते बेशुद्ध आहेत, सोबत कोणी नाही. खिशातल्या ओळखपत्रावरून त्यांची जुनी नोंद सापडते. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात का, हे लगेच कळायला हवे. मेंदूत रक्तस्राव असेल तर पुढचे उपचार त्यावर ठरतात. पण संगणक नोंद उघडू देत नाही, कारण ड्युटीवरचे डॉक्टर आजोबांचे उपचारकर्ते म्हणून नोंदलेले नाहीत.

एरवी हा नकार योग्यच. डॉक्टरांना आपले रुग्ण दिसावेत, परिचारिकेला तिच्या पाळीतला वॉर्ड. बिलिंगला तपासण्यांची नावे, दर आणि खाटेचे दिवस पुरतात. डॉक्टरांची टिपणे नकोत. सगळ्यांना सगळे खुले ठेवले तर काय होते, हे पोर्तुगालमधील बारेरोच्या रुग्णालयात दिसले. तिथे 296 डॉक्टर असताना डॉक्टरांचे अधिकार असलेली 985 खाती चालू होती. 2018 मध्ये त्या रुग्णालयाला चार लाख युरोंचा दंड झाला.

मग आजोबांचे काय? त्यासाठी लोकलमधल्या साखळीसारखी सोय हवी. ती ओढायला परवानगी लागत नाही, पण विनाकारण ओढली तर जाब द्यावा लागतो. डॉक्टर पुन्हा पासवर्ड टाकतील, कारण निवडतील आणि नोंद काही तासांपुरती उघडेल. कोणी, केव्हा, काय पाहिले हे आपोआप टिपले जाईल.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. त्या वेळी रुग्ण अपघात विभागात होता का, हे संगणकच तिथल्या नोंदींशी ताडून पाहू शकतो. जुळले तर प्रकरण बंद. जुळले नाही, किंवा शेजाऱ्याची, सहकाऱ्याची फाइल उघडलेली दिसली, तर माणसाने चौकशी करावी, आणि तो माणूस त्याच विभागाचा नसावा.

ही व्यवस्था बिघडते ती बहुधा चोरीमुळे नव्हे, सवयीमुळे. रात्रीच्या भूलतज्ज्ञाचे नाव वॉर्डाच्या यादीतच नसेल, तर तो रोज साखळी ओढणार. मग तपासनिसापुढे शेकडो नोंदी साचतात आणि तो न वाचता सह्या करतो. एकच विभाग, एकच कारण रोज दिसू लागले, की दोष माणसाचा नसून यादीचा आहे हे ओळखावे आणि यादी दुरुस्त करावी. वॉर्डातल्या संगणकावर सगळे एकाच नावाने काम करत असतील, तर मात्र नोंदीतले नावच खोटे ठरते आणि तपासायला काही उरत नाही.

म्हणून नवी प्रणाली घेणाऱ्या रुग्णालयाने कुलपांची संख्या मोजत बसू नये. साखळी ओढल्याच्या नोंदी रोज सकाळी वाचणार कोण, हे आधी ठरवावे आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ द्यावा.